गाण्याच्या ट्रॅकवर ईक्यू, कंप्रेसर, डी-एसर, रिव्हर्ब: आधी कोण, नंतर कोण, आणि का?

रामबागकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. माझ्या पणजीने रचलेल्या अकरा ओव्या आमच्या घरात एका वहीत आहेत. आजवर त्या फक्त तोंडी गायल्या गेल्या. आई आता 68 वर्षांची आहे आणि तिच्यानंतर त्या चालींत गाणारं घरात कोणी नाही, म्हणून दिवाळीनंतर तीन दुपारी बसून मी तिच्याकडून सगळ्या गाऊन घेतल्या. खोली आमचीच, रामबागेतली. पंखा बंद, खिडकीवर दोन रजया टांगलेल्या, गोदरेजच्या कपाटावरही चादर, कारण ते आवाजाबरोबर घुमायचं. कंडेन्सर माइक तोंडापासून साधारण एक वीत अंतरावर, समोरासमोर. सोबत फक्त तंबोरा, तोही वेगळ्या ट्रॅकवर. रीपर वापरतो.

माझी साखळी अशी आहे: पहिल्यांदा रिव्हर्ब, मग कंप्रेसर, मग ईक्यू, शेवटी डी-एसर. यामागे विचार काहीच नव्हता, ज्या क्रमाने प्लगइन आठवले त्या क्रमाने टाकत गेलो. आता ऐकताना दोन गोष्टी खटकतात. ओळ संपून आई श्वास घेते तेव्हा मागची घुमार कमी होण्याऐवजी वर येते, जणू कोणी खोलीचं दार उघडलं. आणि प्रत्येक ‘स’ नंतर मागे ‘छस्स’ असा शिंतोडा उडतो. डी-एसर कितीही पिळला तरी तो जात नाही, उलट आईचे शब्द बोबडे होतात.

तीन व्हिडिओ पाहिले आणि तिघांनी तीन क्रम सांगितले. मला नुसता क्रम नको, कारण हवं आहे. कोणी नीट समजावून सांगेल का?

---

सूरसाधक

क्रम सोपा आहे. ईक्यू, डी-एसर, कंप्रेसर, रिव्हर्ब. डी-एसर कायम कंप्रेसरच्या आधी. ‘स’ हा टोकदार आवाज असतो, तो कंप्रेसरला उगाच हलवतो आणि पुढचा स्वर दबतो. आधीच ‘स’ काढून टाकला की कंप्रेसर फक्त गाण्यावर काम करतो. मी पाच वर्षं याच क्रमाने करतोय, कधी अडचण आली नाही.

---

लष्करवाले काका (ग्वाल्हेर)

चांगला विषय काढलात. आमच्या दत्त मंदिरात दर गुरुवारी भजन असतं. मिक्सरवर इको आणि कंप्रेसर अशी दोन बटणं आहेत. कंप्रेसर लावला की आवाज भरदार येतो, पण थोड्याच वेळात स्पीकर शिट्टी मारायला लागतो. आधी इको चालू करायचा की कंप्रेसर? मंडळात यावरून दोन गट पडले आहेत.

---

दांडियाबाजार (वडोदरा)

रामबागकर, उशिरा लिहितोय, पण तुमच्या ओव्यांचं वाचून राहवलं नाही. तीस वर्षं स्टुडिओत काम केलं, त्यातली पहिली बरीच वर्षं टेपवर. एकेक गोष्ट घेऊ.

आधी रिव्हर्ब, कारण तुमचा मोठा दोष तिथे आहे. कंप्रेसर मोठा आवाज दाबतो आणि आवाज थांबला की सोडून देतो. आई गात असते तेव्हा तो समजा 6 डेसिबल दाबून बसलाय. तुमच्या साखळीत त्याच्याकडे येणाऱ्या आवाजात घुमारही मिसळलेली आहे, म्हणजे घुमारही तेवढीच दबलेली. ओळ संपते, आवाज जातो, कंप्रेसर हात सोडतो, आणि तेव्हा शिल्लक असते ती फक्त घुमार. ती 6 डेसिबलने वर येणारच. दार उघडल्यासारखं वाटतं ते हेच. खऱ्या खोलीत घुमार सतत विरत जाते, मध्येच फुगत नाही, म्हणून कानाला लगेच कळतं की काहीतरी खोटं आहे.

उपाय असा की रिव्हर्ब आईच्या ट्रॅकवर ठेवूच नका. एक नवा ट्रॅक करा, त्यावर रिव्हर्ब पूर्ण ओला ठेवा, म्हणजे त्यात मूळ आवाज अजिबात नको, आणि आईच्या ट्रॅकवरून त्याला सेंड द्या. कोरडा आवाज आपल्या जागी राहील आणि घुमार तुम्हाला हवी तेवढी वेगळ्या फेडरवर मिळेल.

दुसरी गोष्ट, शिंतोडा. तुमचा डी-एसर रिव्हर्बच्या नंतर आहे. रिव्हर्बने ‘स’ आधीच गिळला आणि पुढचे दीड-दोन सेकंद तो पसरवत बसला. तो पसरलेला ‘स’ पुढच्या ‘आ’ आणि ‘ई’ खाली येतो. डी-एसरला तो पकडायचा तर त्या स्वरांतलाही वरचा भाग कापावा लागतो, म्हणून शब्द बोबडे झाले. ‘स’ रिव्हर्बमध्ये शिरायच्या आधीच आवरायला हवा.

ग्वाल्हेरच्या काकांना: तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्याकडे माइक आणि स्पीकर एकाच खोलीत आहेत. कंप्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मग आपण एकूण आवाज वाढवून ती भरपाई करतो, म्हणजे गाणारा गप्प असताना माइक आधीपेक्षा जास्त उघडा असतो. शिट्टी तिथून येते. कंप्रेसर बंद ठेवा, इको अगदी थोडा ठेवा, मंदिराची स्वतःची घुमार पुरेशी असते. क्रमाने हा प्रश्न सुटणार नाही. स्पीकर माइकच्या पुढे आणा, मागे नको.

कंप्रेसर आणि डी-एसरबद्दल सावकाश लिहितो, कारण सूरसाधक म्हणतात त्यात तथ्य आहे, पण ‘कायम’ हा शब्द मला मान्य नाही.

---

लष्करवाले काका (ग्वाल्हेर)

आभारी आहे. या गुरुवारी करून पाहतो.

---

दांडियाबाजार (वडोदरा)

आता कंप्रेसर आणि डी-एसर. आकडे घेऊन बघू या, तोंडी वाद घालण्यापेक्षा ते बरं.

समजा आईचा ‘आ’ -8 डेसिबलपर्यंत जातो आणि ‘स’ -18 ला आहे. दोघांत 10 चं अंतर. कंप्रेसरचा थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीच्या वर तो दाबायला लागतो ती, -18, आणि रेशो तीनास एक, म्हणजे वर आलेल्या प्रत्येक तीनातला तो एकच सोडतो. ‘आ’ थ्रेशोल्डच्या 10 वर आहे, तो साडेतीनच्या आतबाहेर वर राहील, म्हणजे साधारण -14.7. ‘स’ थ्रेशोल्डवरच आहे, त्याला कंप्रेसरने हातही लावला नाही. अंतर 10 वरून सव्वातीनावर आलं. मग आपण भरपाई म्हणून सगळं 6 ने उचलतो, आणि ‘स’ कानात घुसतो. लोक म्हणतात कंप्रेसरने ‘स’ वाढवला. खरं तर त्याने स्वर खाली आणला आणि ‘स’ होता तिथेच राहिला.

अशा वेळी डी-एसरने ‘स’ 4 ने कमी करायचा असेल तर तो कंप्रेसरच्या आधी लावा की नंतर, ‘स’ च्या पातळीत फरक पडत नाही. दोन्हीकडे तो 4 नेच कमी होतो, कारण कंप्रेसरचा ‘स’ शी संबंधच आलेला नाही.

आता दुसरी स्थिती. माइक जवळ आहे, आवाज थेट पडतोय आणि ‘स’ -12 ला येतोय, थ्रेशोल्डच्या 6 वर. कंप्रेसर त्यालाही दाबतो, तो -16 ला येतो. डी-एसर नंतर लावलात आणि 4 कमी केले तर ‘स’ -20 ला गेला. पूर्ण 4 मिळाले. पण डी-एसर आधी लावलात तर ‘स’ -12 वरून -16 ला आला आणि तसा कंप्रेसरमध्ये शिरला. आता तो थ्रेशोल्डच्या फक्त 2 वर आहे, बाहेर पडतो साधारण -17.3 ला. डी-एसर नसता तर -16 ला पडला असता. म्हणजे तुम्ही 4 कमी केले आणि हातात आले जेमतेम सव्वा. बाकीचे कंप्रेसरने परत दिले. मग माणूस डी-एसर आणखी पिळतो, आणि शब्द बोबडे होतात.

पण सूरसाधकांचं म्हणणंही इथेच लागू होतं. ‘स’ थ्रेशोल्डच्या वर असेल तर कंप्रेसर त्याच्यावर बसतो आणि सोडायला 100-150 मिलिसेकंद घेतो. ‘सावळा’ मधला ‘स’ संपून ‘आ’ सुरू झाला तरी हात अजून उचललेला नसतो, आणि ‘आ’ ची सुरुवात दबलेली येते. हे टाळायचं तर ‘स’ आधी आवरायला हवा.

म्हणून क्रम ठरवायच्या आधी एकच तपासायचं. कंप्रेसरचा दाब दाखवणारा मीटर समोर ठेवा आणि ‘स’ वर नजर ठेवा. ‘स’ आला आणि मीटर हलला नाही तर डी-एसर खुशाल नंतर ठेवा. तिथे त्याला फायदाही आहे. कंप्रेसरने पातळी सारखी केलेली असते, म्हणून डी-एसरचा एकच थ्रेशोल्ड हळू ओळीलाही चालतो आणि मोठ्या ओळीलाही. आधी लावलात तर मोठ्या ओळीत तो जास्त कापतो आणि हळू ओळीत झोपून राहतो. ‘स’ वर मीटर स्वराइतकाच उडत असेल तर मात्र आधी थोडं आवरणं भाग आहे.

---

सूरसाधक

दांडियाबाजारकाका, तुमचं गणित पटलं. मी नेहमी माइकच्या अगदी जवळून गाणाऱ्यांचं काम करतो, बहुधा त्यामुळे मला आधी लावणंच बरं वाटत आलं. डी-एसर जास्त पिळावा लागतो, हाही अनुभव आहे. कारण माहीत नव्हतं, मी प्लगइनला दोष देत होतो.

पण एक गोष्ट अनुभवाने सांगतो. रिव्हर्बच्या आधी ईक्यू लावून खालचा भाग काढला तर घुमार जास्त उबदार येते, नंतर काढला तर कोरडी वाटते. रामबागकर, रिव्हर्बच्या ट्रॅकवर ईक्यू आधीच ठेवा.

---

दांडियाबाजार (वडोदरा)

इथे मात्र असहमत. ईक्यूला थ्रेशोल्ड नसतो. आवाज लहान असो की मोठा, तो तेवढंच कापतो. साधा रिव्हर्बही तसाच. अशा दोघांची अदलाबदल केली तर निकाल तोच येतो. जिथे थ्रेशोल्ड आहे, म्हणजे कंप्रेसर आणि डी-एसर, तिथेच क्रमाला वजन आहे. हे एवढं लक्षात आलं की अर्धे वाद मिटतात.

माझ्या शब्दावर जाऊ नका, घरी करून बघा. दोन ट्रॅक घ्या, दोन्हींवर ReaVerb आणि तीच इम्पल्स फाइल. एकावर ReaEQ आधी, दुसऱ्यावर तोच ReaEQ नंतर, सेटिंग अगदी सारखं. एका ट्रॅकची फेज उलटी करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर ते एकमेकांना खोडून टाकतात. काय ऐकू येतं ते इथे लिहा.

---

सूरसाधक

केलं. शांतता. मीटर तळाशी. मला खरंच वाटलं होतं की काहीतरी उरेल.

मग माझ्या नेहमीच्या रिव्हर्बवर तेच केलं तेव्हा मात्र आवाज उरला, बराच.

---

दांडियाबाजार (वडोदरा)

तुमच्या रिव्हर्बमध्ये मॉड्युलेशन असणार. शेपूट धातूसारखी वाजू नये म्हणून तो आतल्या आत सतत थोडा हलत असतो. तोच आवाज दोनदा पाठवला तरी तो दोनदा तंतोतंत सारखा येत नाही, म्हणून फेजची चाचणी तिथे लागू पडत नाही. ईक्यू एकाच जागी ठेवून दोन्ही ट्रॅक सारखेच करून बघा, तरी आवाज उरेल. उरलेला आवाज म्हणजे ईक्यूच्या जागेचा परिणाम नव्हे.

ईक्यू आणि कंप्रेसर यांच्यात मात्र जागेला महत्त्व आहे. रामबागकर, तुमच्या ट्रॅकवर कंप्रेसर आधी आणि ईक्यू नंतर आहे. रस्त्यावरून ट्रक गेला की 50 हर्ट्झच्या आसपास गुरगुर येते. तुमच्या हेडफोनवर ती कदाचित ऐकूही येत नसेल, पण कंप्रेसरला येते आणि तो आईचा आवाज दाबतो. ‘भ’ आणि ‘प’ चा फुंकर बसला तरी तेच. नंतर ईक्यूने गुरगुर काढली तरी दबलेला आवाज परत येत नाही. म्हणून खालचा कचरा कंप्रेसरच्या आधी काढायचा.

कुठून कापायचं ते आईच्या पट्टीवर ठरतं. कोणत्या पट्टीत गातात?

---

रामबागकर (इंदूर)

काळी चार. पण ओव्यांमध्ये खाली मंद्र पंचमापर्यंत जाते.

---

दांडियाबाजार (वडोदरा)

काळी चारचा षड्ज साधारण 208 हर्ट्झ, त्याचा मंद्र पंचम 156. हाय-पास 100 ला ठेवलात तर पंचमालाही धक्का लागत नाही. पुरुष काळी एकमध्ये गात असेल तर हिशेब बदलतो. तिथे मंद्र पंचमच 104 ला येतो, मग 70 च्या वर जायचं नाही. सगळीकडे 100 लावणारे लोक खर्जाचं अंगच कापून टाकतात.

आवाज उजळ करायचा असेल, म्हणजे 10 हजारांच्या वर थोडं उचलायचं असेल, तर तो दुसरा ईक्यू कंप्रेसरच्या नंतर आणि डी-एसरच्या आधी ठेवा. डी-एसरच्या नंतर उचललंत तर बसवलेला ‘स’ पुन्हा उभा राहतो.

---

मंद्रसप्तक

सगळा धागा वाचला. मी गाते आणि शिकवते, तंत्रातलं मला मर्यादित कळतं, पण एक विचारते. कंप्रेसर लावायचाच कशाला? 68 वर्षांची बाई आपल्या आजेसासूच्या ओव्या गाते आहे. तिचा आवाज जिथे खाली जातो तिथे तिने तो मुद्दाम खाली नेलेला आहे. आपण इंदूरची मंडळी अमीर खाँसाहेबांचं नाव घेतो. त्यांच्या अतिविलंबित झूमऱ्यात एखादा स्वर अगदी हलकेच लागतो आणि तो हलकेपणाच ऐकण्यासारखा असतो. तो उचलून बाकीच्यांच्या बरोबरीला आणला तर उरलं काय?

माझ्या एका जुन्या रेकॉर्डिंगवर असं झालं आहे. श्वास तानेइतका मोठा ऐकू येत होता. मी ते कोणाला ऐकवलं नाही.

---

दांडियाबाजार (वडोदरा)

ताई, तुमचा मुद्दा खरा आहे आणि माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन की तंबोऱ्याखाली एखादा शब्द बुडत असेल तर ऐकणारा तो ऐकतच नाही, मग गाणारीने मुद्दाम केलेला हलकेपणाही त्याच्यापर्यंत पोचत नाही.

मधला रस्ता असा आहे की कंप्रेसरकडे काम जाण्याआधी हाताने पातळी सारखी करायची. ट्रॅक ओळीओळीने कापा, जी ओळ फार मोठी आहे तिला 2-3 डेसिबल खाली घ्या, जी बुडते तिला वर. श्वास हातानेच 5-6 खाली घ्या. हे सगळं साखळीच्या आधी होतं, म्हणून कंप्रेसरला पुढे जेमतेम 2-3 डेसिबल दाबावं लागतं आणि श्वास तानेइतका मोठा होत नाही. वेळ खूप जातो. अकरा ओव्यांना दोन संध्याकाळी लागतील.

---

रामबागकर (इंदूर)

चार दिवसांनी लिहितोय, पण सगळं करून पाहिलं.

रिव्हर्ब वेगळ्या ट्रॅकवर नेला. ओळींमधली घुमार फुगणं त्याच क्षणी थांबलं. शिंतोडा मात्र तसाच राहिला. डी-एसर सेंडच्या आधी असूनही ‘स’ मागे उडतच होता. एक अख्खी रात्र त्यात गेली. शेवटी आईचा ट्रॅक बंद करून फक्त घुमार ऐकली, तेव्हा ‘स’ पूर्ण तिखट ऐकू आला, जणू डी-एसर लावलेलाच नाही. सेंडच्या खिडकीत बघितलं तर तिथे `Pre-FX` निवडलेलं होतं. म्हणजे रिव्हर्बला आईचा कच्चा आवाज जात होता. `Post-Fader (Post-Pan)` केलं आणि शिंतोडा बराच गेला.

मग काकांनी सांगितलं तसं ReaComp चा मीटर बघत बसलो. नऊ ओव्यांमध्ये ‘स’ वर मीटर हलत नाही. पण चौथ्या आणि आठव्या ओवीत ‘स’ आला की साडेतीन-चार डेसिबल उडी मारतो. त्या दोन मी तिसऱ्या दुपारी रेकॉर्ड केल्या होत्या, आई थकून पुढे झुकून गात होती. म्हणजे माझ्याकडे दोन्ही स्थिती आहेत. आता काय करू? एकाच प्रोजेक्टमध्ये दोन क्रम?

आणखी एक. डी-एसर 7 हजारांवर ठेवला तर ‘स’ बसतो, पण ‘श’ तसाच राहतो. ‘शेष’, ‘आकाश’ या शब्दांवर अजून खरखर आहे.

---

सूरसाधक

त्या दोन ओव्या वेगळ्या ट्रॅकवर घ्या. तिथे डी-एसर कंप्रेसरच्या आधी 2-3 डेसिबल, आणि नंतर पुन्हा 2-3. एकाच जागी सहा पिळण्यापेक्षा हे बरं. काकांचं गणित वाचल्यावर काल मी माझ्या एका कामावर हेच केलं आणि पहिल्यांदा ‘स’ बसूनही ‘स’ च राहिला.

---

दांडियाबाजार (वडोदरा)

सूरसाधकांनी बरोबर सांगितलं. पण आई तयार असतील तर त्याआधी त्या दोन ओव्या पुन्हा घेऊन बघा. माइक तोंडासमोर सरळ ठेवू नका. थोडा बाजूला सरकवा आणि तिरका करा, म्हणजे दातांमधून निघणारी हवा थेट माइकवर न बसता शेजारून जाईल. अंतर एक वीत ऐवजी दीड वीत. ‘स’ तिथेच दोन-तीन डेसिबल उतरतो आणि कोणताही प्लगइन तेवढा स्वच्छ उतरवू शकत नाही. फार लांब मात्र नको, नाहीतर खोली जास्त ऐकू येईल.

‘श’ बद्दल. ‘स’ ची सळसळ वर असते, 6-7 हजारांच्या पुढे. ‘श’ मध्ये जीभ मागे जाते, पोकळी मोठी होते आणि सळसळ खाली उतरते, 3-4 हजारांपासून सुरू होते. म्हणून 7 हजारांवर बसलेल्या डी-एसरला ‘श’ चा वरचा तुकडा तेवढा दिसतो. त्याला 3 हजारांपर्यंत खाली आणलात तर तो स्वरांचाही उजेड खाईल, कारण शब्दांचा स्पष्टपणा त्याच पट्ट्यात असतो. आपल्या ‘च’ चंही बघा. ‘चार’ चा ‘च’ आणि ‘चांदणं’ चा ‘च’ वेगळे आहेत. दुसऱ्यात ‘त्स’ असतो आणि तो ‘स’ च्या पट्ट्यात पडतो. इंग्रजी गाण्यांसाठी ठरवलेले आकडे मराठी ओवीला जसेच्या तसे लावू नका.

तुमच्याकडे ‘श’ किती आहेत? वीस-पंचवीस असतील तर प्रत्येक ‘श’ कापून हाताने 3-4 डेसिबल खाली घ्या. त्याला कोणत्याही क्रमाचा प्रश्न येत नाही.

---

रामबागकर (इंदूर)

एकवीस ‘श’ निघाले. रात्री बसून केले. कापलेल्या टोकांना छोटा फेड दिला नाही तर टिचकी ऐकू येते, हे कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतो.

चौथी आणि आठवी ओवी काल पुन्हा घेतली, माइक बाजूला तिरका ठेवून. मीटर आता ‘स’ वर हलत नाही, म्हणून सगळ्यांना एकच साखळी चालली: हाताने सारखी केलेली पातळी, हाय-पास 100 ला, कंप्रेसर तीनास एक आणि जास्तीत जास्त 3 डेसिबल दाब, वर किंचित उजेड, मग डी-एसर 3 डेसिबलपर्यंत, आणि तिथून सेंड. घुमारेच्या ट्रॅकवर सगळ्यात आधी आणखी एक डी-एसर ठेवला, तो मात्र जोरात, 8 डेसिबल. काका, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. कोरडा आवाज नैसर्गिक राहतो आणि घुमारेत ‘स’ जवळजवळ दिसतच नाही. यात काही चूक आहे का?

मंद्रसप्तक ताई, अकरावी ओवी अगदी हळू आहे, त्यात आई जवळजवळ बोलतेच. तिच्यावर कंप्रेसर लावून आणि काढून दोन्ही आवाज सारख्या पातळीला आणून आईला ऐकवले. ती म्हणाली, पहिला. पहिला म्हणजे कंप्रेसर नसलेला. पण बायको म्हणते, तंबोऱ्याखाली ‘माहेर’ हा शब्द ऐकू येत नाही.

---

दांडियाबाजार (वडोदरा)

चूक नाही. मीही तेच करतो, सांगायचं राहून गेलं. घुमारेत शब्द कोणी वाचत नाही, म्हणून तिथे 8 कापले तरी बोबडेपणा ऐकू येत नाही. फक्त कोरडा आवाज बंद करून नुसती घुमार ऐकत त्याचं सेटिंग ठरवू नका, नाहीतर ती फार मंद होईल. दोन्ही एकत्र ऐकत ठरवा.

अकरावीला तंबोराच दोन डेसिबल खाली घेऊन बघितलात का?

---

मंद्रसप्तक

हो, तंबोरा खाली घ्या. आणि आईंचं ऐका.

---

रामबागकर (इंदूर)

तंबोरा खाली घेतला. ‘माहेर’ आता मला ऐकू येतो, बायकोला अजून नाही. आज संध्याकाळी आत्या येणार आहे, तिने या ओव्या पणजीच्या तोंडून ऐकलेल्या आहेत. तिला दोन्ही ऐकवतो.